आबांची पोस्ट

पहाटे पाचला आबांनी मला हलवून उठवलं. दिवाळीच्या सुट्टीला सांगलीला आले होते, रात्री दोनपर्यंत जागी होते, त्यामुळे डोळे उघडेचनात. आबा कॉटच्या कडेला बसलेले, हातात मोबाईल, तोही दोन्ही हातांनी धरलेला, गरम पातेलं धरतात तसा.

"पोरी, ते काल लिहिलेलं काढून टाकता येतंय का बघ की."

मला वाटलं व्हॉट्सअॅपवर चुकून काहीतरी फॉरवर्ड झालं असेल. बघते तर फेसबुकवर पोस्ट. रात्री साडेनऊची, आणि पब्लिक. त्र्याहत्तर जणांचे रिअॅक्शन, एकवीस कमेंट, नऊ शेअर. एरवी आबांच्या गणपतीच्या फोटोला बारा लाईक आले तरी ते दोन दिवस खुश असतात.

पोस्ट बापू आजोबांबद्दल होती. आबा एसटीत कंडक्टर, बापू ड्रायव्हर, एकोणीस वर्षं दोघांची जोडी एका गाडीवर. शिराळ्याकडची वस्तीची गाडी असायची, रात्री गावात मुक्काम करायचा आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन यायचं. देवळात नाहीतर गाडीतच सीटवर झोपायचं, आणि एका डब्यात दोघांनी जेवायचं. आजीच्या हातची शेंगदाण्याची चटणी बापूंना एवढी आवडायची की ती त्यांच्यासाठी वेगळी पुडी द्यायची.

आणि त्याच बापूंनी आदल्या दिवशी एका साखरपुड्यात पंगतीला बसल्यावर चार जणांसमोर म्हटलं, "वहिनीला वेळेवर दवाखान्यात नेली असती तर आज ती बसली असती इथं." आजीला जाऊन चौदा महिने झालेत. आबा ताटावरून उठून आले. हे मला आईनं सांगितलं होतं, पोस्टचं मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आबांनी लिहिलं होतं की १९९१ साली आष्ट्याच्या अलीकडं हा माणूस स्टेअरिंगवर झोपला, गाडी उसात घातली, बेचाळीस पॅसेंजर होते गाडीत, मी तोंड उघडलं असतं तर याची नोकरी गेली असती, पोरंबाळं रस्त्यावर आली असती, मी तोंड शिवून बसलो म्हणून हा आज चार माणसांत बसून माझ्या बायकोच्या मरणाचा हिशोब मांडतोय. खाली अजून बरंच होतं, ते मी इथं लिहीत नाही.

"आबा, हे खरंय का?"

"खरंय." मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. बाहेर दूधवाल्याची गाडी येऊन गेली. "खरंय पण अर्धंय. त्याची थोरली तेव्हा दीड वर्षाची. दवाखान्यात होती, तीन रात्री हा तिच्या उशाशी बसून आणि दिवसा ड्युटी. रजा मागितली तर माणूस नव्हता बदली द्यायला. मी त्याला म्हटलं होतं, चल रं, मी पुढं बसतो, तुझ्याशी बोलत राहतो. आणि पेठ नाक्याला गर्दी चढली, मी तिकिटं फाडायला मागं गेलो." आबांचा आवाज बसला. "ते लिहिलंच नाही मी."

मी तीन टिंबांवर दाबलं, पोस्ट ट्रॅशमध्ये टाकली. आबा चष्मा लावून बघत होते. "गेली?" मी सांगितलं की अजून तीस दिवस ती ट्रॅशमध्ये पडून राहते, तिथूनही काढावी लागते. "मग काढ की, तीस दिवस कशाला ठेवतीस." तिथूनही काढली. ज्यांनी शेअर केली होती त्यांच्याकडूनही ती दिसायची बंद झाली, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. पण मला खोटं बोलता येईना. म्हटलं, आबा, कुणी फोटो काढून ठेवला असेल, कुणी कॉपी करून ग्रुपवर टाकलं असेल, तर ते माझ्या हातात नाही.

त्यावर ते उठले आणि कपाटातून वही घेऊन आले. मला म्हणाले, ती सगळी नावं सांग, अंगठा देणारी, लिहिणारी, पुढं धाडणारी. आता पोस्टच काढली तर नावं कुठून आणायची? पण नोटिफिकेशनमध्ये बरीच सापडली, बाकीची त्यांनी आठवून आठवून लिहिली, कारण रात्रभर ते तेच बघत बसले होते. वेबिल लिहायचे तसं, उभ्या रेघा मारून, एकाखाली एक, सुबक अक्षरात. एकोणपन्नास नावं झाली. रिटायर झालेले ड्रायव्हर, मेकॅनिक, डेपोतले क्लार्क, आमच्या गल्लीतले, मामाकडचे. चौतिसाव्या नावाला त्यांचं पेन थांबलं.

"हा बापूचा नातू."

तो माझ्याएवढाच आहे, लहानपणी आम्ही कृष्णेच्या घाटावर एकत्र खेळलोय. त्यानं कमेंट केली नव्हती, काहीच नव्हतं लिहिलं, नुसतं एक रडणारं तोंड दिलं होतं. आबा त्या नावावर बोट ठेवून बसले. बोटाच्या पेरावर अजून त्या जुन्या पंचचा घट्टा आहे, मशीन आल्या तरी तो गेला नाही.

"त्याला काय वाटलं असेल गं? आपला आजा कसा हाय म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही.

साडेसातला आम्ही स्कूटीवरून निघालो, आबा मागं बसलेले, वही पिशवीत. मी म्हटलं आधी फोन करू, ते म्हणाले नको, फोनवर माणसाला तोंड फिरवता येतं. बापू आजोबांचं घर माधवनगरला आहे. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते, पेपर मांडीवर तसाच, वाचत नव्हते. आम्हाला बघून उठले नाहीत. या म्हणाले नाहीत. आबा चपला काढून पायरीवर उभे राहिले, खाली बघत, शाळेत उभं करतात तसे, मला ते बघवेना.

"काढली मी ती," आबा म्हणाले. "पोरीनं काढली. ज्यांनी वाचली त्यांना एकेकाला जाऊन सांगणार आहे, थोरली आजारी होती ते."

बापू कितीतरी वेळ गप्प. आतून कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, "ते राहू दे. घंटी का नाही लिहिलीस?"

"काय?"

"मागच्या दारापासनं पुढंपर्यंत दोरी ओढत ओढत आलास तू त्या दिवशी. टणटण टणटण. त्यानं जाग आली मला. न्हाईतर ऊस कसला, पुढं विहीर होती. बेचाळीस माणसं तू वाचवलीस आणि लिहिलंस काय, तर बापू झोपला."

आबांनी एक हात भिंतीला लावला.

"आणि वहिनीचं मी बोललो ते," बापू एवढंच म्हणाले, पुढं त्यांना जमलं नाही. पेपरची घडी घालत बसले, घातलेलीच घडी परत घालत.

बापूंच्या सूनबाई पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पोस्ट वाचलेली होती, चेहऱ्यावरून कळत होतं, त्या आबांकडं बघत नव्हत्या. तरी खुर्ची आणून ठेवली. आबा बसले. मग पिशवीतून वही काढून बापूंच्या हातात दिली आणि म्हणाले, बघ, कुणी राहिलंय का.

बापूंनी चष्मा शोधला, सापडला नाही, तेव्हा आबांनी आपला काढून दिला. एकेका नावावरून बोट फिरवत ते खाली आले, चौतिसाव्यावर थांबले आणि आत वळून नातवाला हाक मारली.