रायबंदर–दिवाडी फेरी उद्यापासून तीन दिवस दुपारी बंद

आलेली प्रेसनोट (शनिवार, संध्याकाळ)

प्रवाशांच्या सोयीसाठी सदैव तत्पर असलेल्या नदी परिवहन खात्याने माननीय मंत्री महोदयांच्या मार्गदर्शनाखाली फेरीधक्क्यांच्या बळकटीकरणाचे काम हाती घेतले आहे. मांडवीच्या पात्रातील बेटवासीयांसाठी फेरीबोट ही जीवनवाहिनी असून त्यांच्या सुरक्षित प्रवासास खाते सर्वोच्च प्राधान्य देते. त्या अनुषंगाने रायबंदर येथील धक्क्याच्या रॅम्पची दुरुस्ती करण्याचे योजिले आहे. सदर कामास्तव दि. 16 ते 18 नोव्हेंबरपर्यंत सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळेत रायबंदर–दिवाडी फेरीसेवा स्थगित राहील. जुने गोवे–दिवाडी फेरीसेवा नेहमीप्रमाणे सुरू राहील व तेथे रुग्णवाहिकेस प्राधान्य देण्यात येईल. नागरिकांनी सहकार्य करावे, ही विनंती.

छापायची बातमी (पान 2, सिंगल कॉलम)

पणजी, ता. 14 (प्रतिनिधी) : रायबंदर–दिवाडी फेरीबोट उद्या, सोमवारपासून बुधवारपर्यंत (ता. 16 ते 18) रोज सकाळी 11 ते दुपारी 4 बंद राहणार आहे. बुधवारीही याच वेळेत फेरी नसेल. बाकीच्या वेळेत ती नेहमीप्रमाणे धावेल.

या तीन दिवसांत दिवाडीला ये-जा करणाऱ्यांना जुने गोवे धक्क्यावरून फेरी मिळेल. तिचे वेळापत्रक बदललेले नाही. तेथे रुग्णवाहिकेला आधी सोडण्यात येईल.

रायबंदर धक्क्याच्या रॅम्पच्या दुरुस्तीसाठी फेरी बंद ठेवण्यात येत असल्याचे नदी परिवहन खात्याने कळवले आहे.

रात्रपाळीसाठी

अंक रविवारचा आहे, म्हणून ‘उद्या’ म्हणजे सोमवार. ता. 14 बघून कोणी ‘परवा’ करू नका. बातमी सोमवारच्या अंकात ढकलली, तर मात्र शीर्षकात ‘आजपासून’ आणि इंट्रोत ‘आज, सोमवारपासून’ करा.

‘18 पर्यंत’ म्हणजे 18 धरून की सोडून, हे खात्याला फोन करून विचारले. धरून. म्हणून बुधवारचे वाक्य वेगळे ठेवले आहे. जागा कमी पडली तरी ते कापू नका, दिवाडीचा माणूस नेमका बुधवारीच धक्क्यावर ताटकळेल.

जागा खरेच नसेल, तर शेवटचा परिच्छेद काढा. दुरुस्ती कशाची, हे कळले नाही तरी कोणाची फेरी चुकत नाही. ‘जीवनवाहिनी’ आणि मार्गदर्शन मी आधीच गाळले आहे. त्यावरून सकाळी फोन आला, तर माझ्याकडे द्या.

फोटो लावू नका. आपल्याकडे आहे तो चोडणच्या फेरीचा आहे.