प्रश्न: व्यक्तिमत्त्वविषयक गुणविशेष, मनोगतिकीय व मानवतावादी दृष्टिकोनांची तुलना करा.

उत्तर: सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत रोज सर्वांत आधी येणारी विद्यार्थिनी उदाहरणादाखल घेतली, तर गुणविशेषवादी तिच्या ठायी कर्तव्यदक्षता अधिक आहे असे म्हणतील. मानसशास्त्रज्ञ कॅटेलच्या 16 व्यक्तिमत्त्व घटकांप्रमाणे असे गुण मोजता येतात. मात्र ते वर्तनाचे वर्णन करतात, त्यामागचे कारण फारसे सांगत नाहीत. हे कारण मनोगतिकीय दृष्टिकोनाचा प्रवर्तक फ्रॉइड अबोध मनात, इदम् म्हणजे सहज इच्छा आणि पराहम् म्हणजे नैतिक मन यांच्या संघर्षात व बालपणातील अनुभवांत शोधतो. त्याचे स्पष्टीकरण सखोल असले, तरी कोणतेही वर्तन त्यात बसवता येत असल्याने ते पडताळणे कठीण जाते, आणि माझ्या मते हीच त्याची मोठी मर्यादा होय. मानवतावादी रॉजर्स व मॅस्लो यांचा भर मात्र आत्मवास्तविकीकरणावर, म्हणजे स्वतःच्या क्षमता पूर्णपणे विकसित करण्यावर आहे. ही विद्यार्थिनी केवळ पालकांच्या अटींवर स्वीकारली जात असेल, तर तिची स्वप्रतिमा व प्रत्यक्ष अनुभव यांत विसंगती निर्माण होते, असे रॉजर्स म्हणेल.