आमच्या वर्गाचं आवडतं फळ
इयत्ता दुसरी, गणित: ताळ्याच्या खुणा आणि स्तंभालेख

पुरंदर तालुक्यातली एक शाळा. दसरा होऊन गेलाय. बाजारात सीताफळांचे ढीग लागलेत.

बाई म्हणाल्या, "येत्या आनंददायी शनिवारी वर्गात फळं खाऊ या. कोणतं फळ आणू?"

झालं! आंबा, पेरू, केळं, कलिंगड... सगळे एकदम ओरडले. कुणाचं काय, काहीच कळेना. मग बाईंनी एकेका फळाचं नाव घेतलं आणि हात वर करायला सांगितले. सगळे हात मिळून झाले अडतीस.

"आज वर्गात किती जण आहेत?"

"सव्वीस!"

"मग अडतीस हात आले कुठून?"

मल्हार हळूच म्हणाला, "बाई, मी सगळ्या फळांना हात वर केला. मला सगळीच आवडतात."

त्याच्यासारखे आणखीही होते. म्हणून बाईंनी नियम केला: एका मुलाची एकच खूण. फळ्यावर सहा फळांची नावं लिहिली. एकेकानं पुढं यायचं, आपल्या सगळ्यात आवडत्या फळापुढं खडूनं एक उभी रेघ मारायची आणि जागेवर जाऊन बसायचं. मल्हारला ठरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

रेघा मारू या

या रेघांना ताळ्याच्या खुणा म्हणतात. एका मुलासाठी एक रेघ. चार रेघा उभ्या मारायच्या. पाचवी रेघ मात्र उभी नाही, ती त्या चार रेघांवरून तिरकी ओढायची. झाला पाचाचा एक गठ्ठा! सहाव्या मुलानं थोडी जागा सोडून नवी उभी रेघ मारायची.

खाली छापताना तिरकी रेघ शेजारी आली आहे. तुम्ही वहीत ती चारही रेघांवरूनच ओढा.

```
१   |
२   ||
३   |||
४   ||||
५   ||||/
६   ||||/  |
```

तिरकी रेघही मोजायची बरं का! चार उभ्या आणि एक तिरकी मिळून पाच.

आता वर्गाचा फळा पाहा.

| फळ | ताळ्याच्या खुणा | किती मुलं? |
|---|---|---|
| आंबा | \|\|\|\|/ \|\|\|\| | ९ |
| केळं | \|\|\|\| | ४ |
| पेरू | \|\|\|\|/ | ५ |
| सीताफळ | \|\|\|\|/ \| | ६ |
| कलिंगड | \|\| | २ |
| अंजीर | | ० |

आंब्यापुढच्या रेघा एक, दोन, तीन करत मोजायची गरज नाही. एक गठ्ठा म्हणजे पाच. त्यापुढे सहा, सात, आठ, नऊ. दोन गठ्ठे असते तर? पाच, दहा. तीन असते तर? पाच, दहा, पंधरा. पाचाचा पाढा इथे उपयोगी पडतो.

अंजिरापुढं एकही खूण नाही. ईश्वरीच्या रानात अंजिराची बाग आहे, तरी तिनंही दुसरंच फळ निवडलं. "रोज तेच खाऊन कंटाळा आलाय," ती म्हणाली. खूण नसली तरी अंजिराचं नाव पुसायचं नाही. पुढे ० लिहायचं.

आता सगळे आकडे मिळवा: ९ + ४ + ५ + ६ + २ + ० = २६. मुलं सव्वीस, खुणाही सव्वीस. बेरीज जुळली! जुळली नसती तर कुणीतरी दोनदा रेघ मारली असती, नाहीतर कुणाची राहून गेली असती.

चौकटी रंगवू या

चौकटीची वही घ्या. खाली एक आडवी रेघ ओढा. तिच्याखाली फळांची नावं लिहा. दोन नावांमध्ये एक चौकट रिकामी सोडा. डाव्या बाजूला खालून वर १, २, ३ असे आकडे लिहा. आता एका मुलासाठी एक चौकट रंगवायची. सुरुवात नेहमी तळापासून करायची, मधली चौकट सोडायची नाही.

| | आंबा | केळं | पेरू | सीताफळ | कलिंगड | अंजीर |
|---|---|---|---|---|---|---|
| ९ | ■ | | | | | |
| ८ | ■ | | | | | |
| ७ | ■ | | | | | |
| ६ | ■ | | | ■ | | |
| ५ | ■ | | ■ | ■ | | |
| ४ | ■ | ■ | ■ | ■ | | |
| ३ | ■ | ■ | ■ | ■ | | |
| २ | ■ | ■ | ■ | ■ | ■ | |
| १ | ■ | ■ | ■ | ■ | ■ | |

याला स्तंभालेख म्हणतात. स्तंभ म्हणजे खांब. आंब्याचा खांब सगळ्यात उंच. न मोजताच दिसलं ना?

आर्यननं कोऱ्या कागदावर स्तंभालेख काढला. कलिंगड मोठं असतं म्हणून त्यानं त्याच्या चौकटीही मोठ्या काढल्या. त्याच्या चित्रात कलिंगडाचा खांब पेरूएवढा उंच झाला! कलिंगड निवडणारे दोघंच, पेरू निवडणारे पाच. मग खांब सारखे कसे? म्हणून फळ लहान असो की मोठं, सगळ्या चौकटी सारख्याच हव्यात. चौकटीची वही याच कामासाठी घेतली.

काय काय दिसतं?

स्तंभालेख पाहून उत्तरं द्या.

१. सीताफळ किती मुलांना आवडतं?

२. आंब्याचा खांब पेरूच्या खांबापेक्षा किती चौकटींनी उंच आहे?

३. पेरू आणि कलिंगड निवडणारी मुलं मिळून किती?

४. कोणत्या फळाचा खांबच नाही? का नाही?

५. सीताफळाला आणखी तीन मुलं मिळाली, तर त्याचा खांब कोणत्या फळाच्या खांबाएवढा होईल?

सई आली

दुसऱ्या दिवशी सई शाळेत आली. आदल्या दिवशी तिला ताप होता. बाईंनी तिच्या हातात खडू दिला.

"मला केळं आवडतं," सई म्हणाली आणि केळ्यापुढं पाचवी उभी रेघ मारायला निघाली.

"थांब!" सगळा वर्ग ओरडला.

सईनं काय करायला हवं होतं? तुमच्या वहीत केळ्यापुढं ती खूण करा. स्तंभालेखातही एक चौकट वाढवा. आता कोणते दोन खांब सारखे उंच झाले? सगळ्या खुणा मिळून आता किती झाल्या?

मग शनिवारी काय आणायचं?

"आंबा जिंकला! आंबाच आणा!" मल्हार ओरडला.

बाई हसल्या. "अरे, आत्ता ऑक्टोबर. आंबा उन्हाळ्यात येतो. आत्ता कुठून आणू?"

सगळे गप्प झाले. मग ईश्वरी म्हणाली, "आंब्याचा खांब झाकून बघू या."

तुम्हीही आंब्याच्या खांबावर हात ठेवा. उरलेल्यांत कोणता खांब उंच आहे? बाईंनी शनिवारी तेच फळ आणलं. बिया ठेवायला प्रत्येकाला एक कागदही दिला.

घरी करा

घरातल्या आणि शेजारच्या मिळून दहा जणांना विचारा: "केळं, पेरू, चिकू, डाळिंब यांपैकी तुमचं सगळ्यात आवडतं फळ कोणतं?" आजी "मला सगळीच आवडतात" म्हणाली, तर तिला आपला नियम सांगा. उत्तर मिळालं की लगेच रेघ मारा, नंतर आठवून मारू नका. शेवटी सगळ्या खुणा मोजा. दहा भरल्या, की चौकटी रंगवा. प्रत्येक फळाला वेगळा रंग द्या आणि वही सोमवारी घेऊन या.