वार्षिक स्नेहसंमेलनात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण

व्यासपीठावरील गटशिक्षणाधिकारी साहेब, संस्थेचे अध्यक्ष, गावच्या सरपंच ताई, शिक्षक-पालक संघाचे सभासद, माझे सहकारी, आणि समोर बसलेले आजी-आजोबा, ताई-दादा आणि विद्यार्थी मित्रहो, सर्वांना नमस्कार.

आजी-आजोबांचं नाव मुद्दाम आधी घेतलं. आपल्या बीड जिल्ह्यात जानेवारीतलं स्नेहसंमेलन म्हणजे कितीतरी आई-वडील ऊसतोडीच्या फडावर. शाळेत पाचवी ते दहावीची 386 मुलं आहेत. त्यातल्या 94 मुलांचे आई-वडील दोघंही दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडले. 57 मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिली, 37 मुलं टोळीबरोबर गेली. आज इथे नाच बसवलेल्या पोरांमध्ये ज्यांची आई टाळ्या वाजवायला नाही, त्यांच्यासाठी तुम्ही जरा जास्त वाजवा.

आता शिक्षकांविषयी. सत्काराच्या वेळी नावं पुकारली जातीलच. मी नावं नाही, कामं सांगणार आहे, कारण ही कामं निकालपत्रकात कुठेच दिसत नाहीत.

पाचवीच्या वर्गशिक्षिका बाईंनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात 58 मुलांना एकेकटं बोलावून वाचायला लावलं. पाठ्यपुस्तकातला धडा दिला नाही, कारण तो कितीतरी मुलांना तोंडपाठ असतो. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांनी न वाचलेला साठ-सत्तर शब्दांचा उतारा दिला, एक मिनिट लावलं आणि चुकलेल्या शब्दाखाली खूण केली. 26 मुलांना उतारा वाचता आला नाही. मग त्या 26 जणांच्या चुका वेगळ्या काढल्या. काहींचं अडत होतं जोडाक्षरांवर आणि रफारावर. काही मुलं ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी सोडून देत होती. सहा जणांना तर सुट्या अक्षरांपासून सुरुवात करावी लागली. तीन गट केले आणि रोज परिपाठानंतरची 35 मिनिटं फक्त वाचन. त्या तासाला हजेरी नाही, पैसे गोळा करणं नाही, सूचना नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा तपासलं तेव्हा 26 चे 11 उरले होते. पाच महिन्यांत 15 मुलं वाचायला लागली, याला मी या शाळेचा सर्वांत मोठा निकाल मानते.

पण उरलेल्या 11 पैकी 7 मुलं आज फडावर आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा तिच्याकडे यायचंय.

गणिताच्या सरांनी सहामाहीच्या उत्तरपत्रिका गुण देऊन बाजूला ठेवल्या नाहीत. नववीच्या प्रत्येक पेपरात चूक कुठे झाली हे वहीत टिपलं. बीजगणितात नापास झालेल्या बहुतेक मुलांना समीकरण कळत होतं. अडलं होतं सहावीतल्या अपूर्णांकात. 1/2 + 1/3 चं उत्तर ती 2/5 लिहितात, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. दुसरी चूक ऋण चिन्हाची: पद बाजू बदलताना चिन्ह बदलायचं राहून जातं. अशा मुलाला दहावीची गाईड दहा वेळा सोडवायला दिली तरी उपयोग नाही, कारण गळती खालच्या मजल्यावर आहे. सरांनी दर शनिवारी एक तास काढून भाकरीचे तुकडे, दोरी आणि मोजपट्टी घेऊन अपूर्णांक पुन्हा शिकवले, तेही नववीच्या मुलांना. त्यासाठी मोठं मन लागतं, कारण अभ्यासक्रम मागे राहील ही टांगती तलवार असतेच.

विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगवही उतरवून काढणं बंद केलं. प्रयोगशाळेत भिंगांचे चारच संच आहेत, म्हणून वर्गाचे चार गट करून प्रत्येक गटाला वेगळा प्रयोग दिला आणि दर आठवड्याला गट फिरवले. निरीक्षण त्याच तासाला, पेनानेच लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, खाडाखोड लपवायची नाही.

मराठीच्या सरांनी आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंनी कपाटाची कुलपं काढली; पुस्तकं वर्गात दोरीवर टांगली. काही फाटली, चार हरवली. चालेल. कुलपात ठेवलेलं पुस्तक फाटत नाही, पण वाचलंही जात नाही.

आणि वर्गशिक्षकांनी संध्याकाळी केलेले फोन. टोळी फडावरून खोपीवर यायला अंधार पडतो, म्हणून हे फोन रात्री साडेसात-आठनंतरच लागतात, तेही रेंज असली तर. पोरगं शेजारच्या शाळेत जातंय का, तिथे वर्गात बसता यावं म्हणून आपण दिलेलं शिक्षण हमी कार्ड तिथल्या गुरुजींना दाखवलं का, एवढंच विचारायचं असतं. कितीतरी वेळा उत्तर ‘नाही’ येतं, कारण पोरगी धाकट्या भावाला सांभाळत असते. तरी पुढच्या आठवड्यात फोन जातो. आपले लिपिक आणि शिपाई मामा यांचंही नाव इथेच घेते. यू-डायस या सरकारी नोंदीत भरायची शाळेची माहिती, आधारमधल्या नावांच्या दुरुस्त्या, पोषण आहाराचा हिशेब त्यांनी उचलला, तेव्हा शिक्षकांना वर्गात उभं राहता आलं.

आता पुढच्या वर्षाचं बोलू. आपण वेळापत्रक करतो ते जून ते एप्रिल असं धरून. पण फडावर जाणाऱ्या मुलाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि ऑक्टोबरमध्ये संपतं. त्याच्या वाट्याला पाच महिने येतात, आणि त्यात आपण स्वातंत्र्यदिनाची तयारी, क्रीडास्पर्धा, सहामाही, सगळं कोंबतो. पाचवीतली ती फडावरची 7 मुलं आठवा: जे मूल सर्वांत मागे आहे त्यालाच सर्वांत कमी दिवस मिळतात. म्हणून पुढच्या वर्षीचं पहिलं उद्दिष्ट हेच: जड भाग आधी.

पाचवी ते आठवीचं भाषा आणि गणिताचं नियोजन मे महिन्यातच नव्याने होईल. वाचन, लेखन, अपूर्णांक, दशांश, ज्याच्यावर पुढचं सगळं उभं आहे, ते 15 ऑक्टोबरच्या आत. जे नंतर एकट्याने वाचूनही समजू शकतं, ते नोव्हेंबरनंतर. जून ते ऑक्टोबर या काळात या दोन विषयांना आठवड्याला प्रत्येकी एक तास जास्त मिळेल. तो कुठून येणार? वेगवेगळ्या दिनविशेषांच्या तयारीतून. भाषणं होतील, पण त्यासाठी पंधरा दिवस वर्ग सुटणार नाहीत.

सप्टेंबरअखेर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाची यादी तयार असेल: कोणता कारखाना, जवळचं गाव, टोळीच्या मुकादमाचा फोन. पालकांना विनंती आहे की मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतली की शाळेला सांगा. निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं तर कार्ड भरायलाही वेळ राहत नाही. प्रत्येक मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड आणि 20 पानांचा सराव-गठ्ठा जाईल. गेल्या वर्षी आपण संपूर्ण वह्या दिल्या होत्या, त्या बहुतेक कोऱ्या परत आल्या. रोज दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या घरात शंभर पानं कोण पाहणार? म्हणून आता आठवड्याला एकच पान, ज्यात मुलाला एकट्याने करता येईल तेवढंच.

मार्च-एप्रिलमध्ये मूल परत आलं की तीन दिवसांच्या आत त्याचं वाचन आणि चार मूलभूत क्रिया तपासायच्या, आणि मग रोज दीड तासाचा परतीचा वर्ग. त्या वर्गाला दोन शिक्षक आळीपाळीने. परीक्षा तोंडावर असते हे खरं. पण त्या मुलाला थेट वार्षिक परीक्षेला बसवणं म्हणजे त्याला नापास व्हायला बोलावणं.

दुसरं उद्दिष्ट मोजून सांगते: पुढच्या ऑक्टोबरअखेर पाचवी आणि सहावीत न वाचलेला उतारा वाचून त्यावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं न देऊ शकणारं मूल पाचाहून जास्त नसावं. नुसतं घडाघडा वाचणं पुरेसं नाही, म्हणून प्रश्न.

तिसरं आठवीसाठी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला 1000 रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि सातवीत 55 टक्के. अनुसूचित जाती-जमातींना 50. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, असे 90-90 प्रश्नांचे दोन पेपर. आपली मुलं अभ्यासाआधी कागदपत्रांत अडकतात. उत्पन्नाचा दाखला काढायला वडील लागतात, आणि वडील कर्नाटकात. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, म्हणून पैसे खात्यात येत नाहीत. त्यामुळे दाखले आणि बँक खाती यांचं काम जुलैतच, शाळेत बसून. सराव ऑगस्टपासून, आठवड्याला दोन तास. पात्र असलेलं प्रत्येक मूल परीक्षेला बसेल. तयार वाटणारी चार-पाच मुलं तेवढी निवडायची नाहीत.

दहावीसाठी थोडक्यात. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण सढळ हाताने दिले की निकाल बरा दिसतो, आणि मूल अकरावीत कोसळतं. पुढच्या वर्षी हे गुण कामाची नोंद पाहूनच दिले जातील. सराव परीक्षा दोन होतील. पेपर आठ दिवसांत तपासून, चुका समजावून परत द्यायचे.

एक गोष्ट मनावर ओझं असल्यासारखी सांगते. आठवीनंतर आपल्या मुली कमी होतात. कुणाला घर सांभाळायला ठेवलं जातं, कुणाचं लग्न ठरतं. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि 1098 वर कुणालाही फोन करता येतो. पण फोन करायची वेळ येण्याआधीच सलग तीन दिवस गैरहजर मुलीच्या घरी बाई जातील. आजीबाई, ती पोरगी तुमच्या हाताशी लागते हे मला माहीत आहे. तिला वसतिगृहात ठेवायचं असेल तर आमच्याशी बोला, आम्ही बरोबर येतो.

आणि शिक्षकांना माझ्याकडून काय मिळेल, हेही याच व्यासपीठावर सांगायला हवं. ऑनलाइन माहिती भरण्यासाठी कुणालाही चालू तासातून बोलावलं जाणार नाही. बैठक महिन्यात दोनदाच, शनिवारी, विषय आधी लिहून. प्रत्येकाच्या वर्गात मी वर्षातून चार वेळा वीस मिनिटं मागे बसेन आणि दोन दिवसांत लेखी सांगेन: काय चांगलं झालं आणि कोणती एक गोष्ट बदलून पाहावी. भिंगांचे आणखी चार संच आणि पाचवी-सहावीसाठी दोनशे छोटी पुस्तकं यांची मागणी संस्थेकडे दिली आहे. अध्यक्ष साहेब इथेच बसलेत, त्यामुळे ती पुन्हा एकदा सर्वांसमोर देते.

मुलं पडद्यामागे मेकअप करून केव्हाची उभी आहेत, जास्त वेळ घेत नाही. फडावर असलेल्या आई-वडिलांना नाच पाहता यावा म्हणून दहावीची मुलं सगळा कार्यक्रम मोबाइलवर टिपणार आहेत. पाठवायला नंबर लागतील, ते आजी-आजोबांनी दारातल्या टेबलावर लिहून द्यावेत. आता सत्कारासाठी पाचवीच्या बाई, गणिताचे सर आणि इतर सर्व शिक्षकांनी व्यासपीठावर यावं. सरपंच ताई, आपणही पुढे या.