देवस्थानाच्या करसवलतीबाबत कायदेशीर अभिप्राय

प्रति: अध्यक्ष व विश्वस्त मंडळ, देवीचे देवस्थान ट्रस्ट, जि. सातारा
प्रेषक: ट्रस्टचे करसल्लागार वकील, पुणे
दिनांक: 8 सप्टेंबर 2025
विषय: आयकर कायदा, 1961 अन्वये मिळणारी सूट, ती टिकवण्याच्या अटी व सध्याच्या त्रुटी
गोपनीय, केवळ विश्वस्त मंडळासाठी

थोडक्यात उत्तर

ट्रस्टला कलम 11 ची सूट आज लागू आहे, पण ती 31 मार्च 2026 पर्यंतच. आपली कलम 12एबी ची नोंदणी करनिर्धारण वर्ष 2022-23 ते 2026-27 एवढ्यासाठी आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, म्हणजे 30 सप्टेंबर 2025 पर्यंत गेला पाहिजे. 22 तारखेला घटस्थापना आहे. त्यानंतर कार्यालयात कुणाला श्वास घ्यायलाही फुरसत नसते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. म्हणून हा अर्ज घट बसण्याआधीच जावा.

मंडळाने विचारलेल्या बाकी प्रश्नांपैकी पतसंस्थेतील ठेव, कोपऱ्यावरचा गाळा आणि रोखीचे खर्च यांत खरी जोखीम आहे. दानपेटीबद्दलची काळजी मात्र अनाठायी आहे.

वस्तुस्थिती

ट्रस्ट 1953 मध्ये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदला गेला. आयकराची जुनी 12ए नोंदणी 1988 ची आहे. योजनेतील उद्देश दोन प्रकारचे आहेत: देवीची नित्यपूजा व उत्सव हे धार्मिक, तर मोफत दवाखाना व अन्नदान हे धर्मादाय. आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये दानपेटीतून 31.40 लाख आणि पावत्यांवर 22.60 लाख रुपये जमा झाले. पावत्यांपैकी 6 लाख रुपये देणगीदारांनी कायम निधीसाठी लेखी कळवून दिले आहेत. याशिवाय मंगल कार्यालयाचे 14.20 लाख, गाळ्यांच्या भाड्याचे 3.10 लाख आणि ठेवींवरील व्याजाचे 4.70 लाख रुपये आले. कायम निधी वगळता उत्पन्न 70 लाख होते.

नूतनीकरण

अर्ज फॉर्म 10एबी मध्ये, पोर्टलवरून, पुण्याच्या आयकर आयुक्त (सूट) यांच्याकडे जातो. एक चांगली बाब अशी की, 2025 च्या वित्त कायद्याने लहान ट्रस्टना पाचऐवजी दहा वर्षांची नोंदणी देऊ केली आहे. त्यासाठी अर्जाच्या वर्षाआधीच्या दोन्ही वर्षांत सूट धरण्यापूर्वीचे उत्पन्न 5 कोटींच्या आत असावे लागते. आपण त्यात सहज बसतो.

अडचण कायद्यापेक्षा कागदांची आहे. पोर्टलवर ट्रस्टचा मुख्य संपर्क म्हणून अजून कैलासवासी सचिवांचाच मोबाइल नंबर आहे, त्यामुळे ओटीपी कुणाच्याच हाती येत नाही. 2022 मध्ये दोन विश्वस्त निवर्तले आणि त्यांच्या जागी नवे घेतले गेले. त्या बदलाचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात अद्याप प्रलंबित असल्याने परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर जुनीच नावे दिसतात. आयुक्त कार्यालयाचा पहिला प्रश्न यावरच येईल. चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत थांबू नये. दाखल केल्याची पोच, विश्वस्त मंडळाचा ठराव आणि मृत्यूचे दाखले जोडून अर्ज करावा आणि पोर्टलवरील संपर्क याच आठवड्यात बदलून घ्यावा.

मुदत चुकली तर काय, असे खजिनदारांनी विचारले होते. कलम 115टीडी नुसार वेळेत अर्ज न करणारा ट्रस्ट धर्मादाय स्वरूप सोडून गेला, असे गृहीत धरले जाते. मग त्याच्या सर्व मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरणाऱ्या रकमेवर कमाल दराने कर बसतो. शेतीच्या उत्पन्नातून थेट घेतलेली मालमत्ता यातून वगळली जाते. नोंदणीपूर्वीची मालमत्ताही वगळता येते, पण त्या काळात कलम 11 व 12 ची सूट घेतलेली नसावी लागते. हायवेलगतची चार एकर जमीन मात्र ट्रस्टने 1996 मध्ये दानाच्या पैशातून घेतली, नोंदणीनंतर आठ वर्षांनी. तिला हे संरक्षण नाही, आणि तिथला आजचा भाव विश्वस्तांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. वाजवी कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार 1 ऑक्टोबर 2024 पासून आयुक्तांना आहे. पण ‘नवरात्राची गडबड’ हे वाजवी कारण म्हणून मांडायची वेळ आमच्यावर आणू नये.

85 टक्क्यांचा हिशेब

उत्पन्नाच्या 15 टक्क्यांपर्यंतची रक्कम बिनशर्त राखता येते. उरलेली 85 टक्के रक्कम, म्हणजे 59.50 लाख, त्याच वर्षात उद्देशांवर खर्च व्हायला हवी. ताळेबंदात खर्च 51.20 लाख दिसतो, पण तो जसाच्या तसा धरता येणार नाही.

मंडप ठेकेदाराला नवरात्रात रोज 20 ते 25 हजार रुपये रोखीने दिले गेले. व्हाउचरवर त्याची सही आहे, कामही झाले आहे, कुणाच्या सचोटीचा प्रश्नच नाही. तरीही एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च उद्देशांवरचा खर्च म्हणून मोजला जात नाही. यात 2.10 लाख गेले. ध्वनिव्यवस्थेचे 1.60 लाखांचे बिल मार्चअखेर देणे बाकी होते. आता प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी खर्च धरला जात असल्याने ते चालू वर्षात जाईल. ग्राह्य खर्च 47.50 लाख उरतो आणि तूट 12 लाखांची पडते.

ही तूट कलम 11(2) खाली भरून काढता येईल. भक्तनिवासाच्या बांधकामासाठी 12 लाख रुपये जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी राखून ठेवत असल्याचा ठराव करावा, फॉर्म 10 भरावा आणि रक्कम बँकेत ठेवावी. ‘ट्रस्टच्या सर्व उद्देशांसाठी’ असे मोघम लिहू नये. नेमके काम आणि अंदाजपत्रकाचा आकडा द्यावा. फॉर्मची मूळ मुदत विवरणपत्राच्या दोन महिने आधीची होती आणि ती गेली आहे. पण केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 2023 च्या परिपत्रक क्र. 6 नुसार विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत आलेला फॉर्म नाकारला जात नाही. ऑडिट अहवाल 30 सप्टेंबरपर्यंत आणि विवरणपत्र 31 ऑक्टोबरपर्यंत जायला हवे. आपल्याला फॉर्म 10बीबी लागतो, 10बी नव्हे.

पतसंस्थेतील ठेव

ट्रस्टचे 18 लाख रुपये गावातील पतसंस्थेत 9.5 टक्के दराने आहेत. कलम 11(5) मध्ये शेड्यूल्ड बँक आणि बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था येते, पतसंस्था येत नाही. संस्था कितीही भरवशाची असो आणि तिचे चेअरमन आपलेच भाविक असोत, याने फरक पडत नाही.

प्रश्न आहे तो कर कशावर, याचा. मुंबई उच्च न्यायालयाने 2001 मध्ये शेठ मफतलाल गगलभाई फाउंडेशन प्रकरणात, अशा ठेवीमुळे ट्रस्टची पूर्ण सूट जात नाही, त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नापुरताच कर बसतो, असे म्हटले. तसे धरले तर 1.71 लाख व्याजावर 30 टक्के, म्हणजे सुमारे 51 हजार आणि वर उपकर. मात्र 2022 नंतरच्या कलम 13(1)(डी) ची शब्दरचना ‘अशा ठेवींच्या मर्यादेपर्यंत’ अशी आहे. तिचा आधार घेऊन खाते पूर्ण 18 लाखांवर 30 टक्के, म्हणजे 5.40 लाख मागू शकते. आम्हाला पहिला अर्थ योग्य वाटतो, पण त्यासाठी अपिलात उभे राहावे लागेल. मुदतपूर्व मोडताना कापला जाणारा व्याजाचा तुकडा त्यापुढे काहीच नाही. ठेव आजच मोडावी.

कोपऱ्यावरचा गाळा

हा गाळा एका विश्वस्तांच्या पुतण्याकडे महिना 1,200 रुपयांनी आहे. त्याच मापाच्या शेजारच्या गाळ्याला 4,500 रुपये येतात. कलम 13 च्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत भावाची मुलेही येतात. वर्षाचा फरक 39,600 रुपयांचा आहे. त्यावर 30 टक्के कर लागेल आणि कलम 271एएई खाली दिलेल्या लाभाइतका दंड होऊ शकतो. पुन्हा घडल्यास दंड दुप्पट. रक्कम लहान दिसते, पण अशीच बाब आयुक्तांसमोर नूतनीकरणाच्या वेळी ट्रस्टच्या सचोटीचा मुद्दा बनते. 1 ऑक्टोबरपासून भाडे बाजारदराने करावे. त्या ठरावाच्या वेळी संबंधित विश्वस्तांनी बाहेर बसावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे.

दानपेटी आणि पावत्या

निनावी देणगीवर 30 टक्के कर असला तरी निव्वळ धार्मिक आणि धार्मिक-धर्मादाय मिश्र ट्रस्टला त्यातून वगळले आहे. अपवाद फक्त ट्रस्टच्या शैक्षणिक वा वैद्यकीय संस्थेसाठी म्हणून आलेल्या निनावी पैशाचा. ‘दवाखान्यासाठी’ अशी पाटी लावलेल्या पेटीत 1.90 लाख आले. करमुक्त मर्यादा एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख, यांतील मोठी. आपल्याकडे ती 2.70 लाख होते. म्हणून कर नाही. पेटी उघडताना पंचनामा आणि दोन विश्वस्तांच्या सह्या ही आपली पद्धत उत्तम आहे, ती सोडू नये.

पावती पुस्तकावर मात्र ‘80जी अंतर्गत सूट’ असे छापले आहे. ट्रस्टला 80जी मंजुरी नाही. धार्मिक कामावरील खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून कितीतरी जास्त असल्याने ती मिळण्यासारखीही नाही. ही पुस्तके तातडीने परत मागवावीत. नाहीतर नोटीस आपल्या भाविकांना जाईल.

वसतिगृहाचा ठराव

एप्रिलमधील ठरावात ‘समाजातील मुलांसाठी’ वसतिगृह असे शब्द आहेत. 1961 चा कायदा लागू झाल्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट विशिष्ट धर्मसमुदाय वा जातीपुरता असेल, तर कलम 13(1)(बी) मुळे सूट जाते. ट्रस्ट 1953 चा असल्याने हे कलम लागू नाही, असा बचाव आहे. पण नव्याने जोडलेल्या उद्देशासाठी त्यावर विसंबण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. दाऊदी बोहरा जमात प्रकरणात (2014) सर्वोच्च न्यायालयाने मिश्र ट्रस्टलाही हे कलम लागू होऊ शकते असे म्हटले. तिथे ट्रस्ट वाचला तो लाभ सर्वांना खुला होता म्हणून. ठरावात ‘सर्व गरजू विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहावे. योजनेतील उद्देश बदलल्यास धर्मादाय कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागेल आणि बदलानंतर 30 दिवसांत आयकरात नव्याने अर्ज करावा लागेल.

इतर

मंगल कार्यालयाचे वीजबिल मंदिराच्या बिलात मिसळले आहे. कलम 11(4ए) साठी कार्यालयाची वह्या-पुस्तके स्वतंत्र हवीत. जीएसटीत दिवसाला 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त भाडे घेतलेला हॉल करमुक्त नाही, आणि आपले भाडे 15,000 आहे. व्याज धरून एकूण उलाढाल 20 लाखांपुढे जाते, त्यामुळे नोंदणीच्या प्रश्नावर वेगळे टिपण देत आहोत. नवा आयकर कायदा, 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू होईल. सध्याचा अर्ज मात्र जुन्याच कायद्याखाली करायचा आहे.

पोर्टलच्या कामासाठी सचिवांनी आपले पॅन, आधार आणि स्वतःच्या नावावरचा मोबाइल घेऊन गुरुवार दि. 11 रोजी सकाळी 11 वाजता आमच्या कार्यालयात यावे. परिशिष्ट एकचा उतारा, मूळ योजना, 12एबी आदेशाची प्रत आणि तीन वर्षांचे ताळेबंद सोबत आणावेत.