भरलेल्या रूम-नाइटमागचा खर्च : स्थिर आणि बदलता वेगळा करून (एप्रिल 2025 ते मार्च 2026)

मालवण, 20 एप्रिल 2026

अण्णा आणि काकू,

वर्षाचा हिशेब बंद झाला. जुलैतल्या शिक्षकांच्या ग्रुपला 1,300 रुपयांत रूम द्यायची की नाही, आणि पावसाळ्यात हॉटेल सरळ बंद ठेवायचे का, हे दोन प्रश्न तुमच्यासमोर आहेत. अण्णांचे म्हणणे, “रूमला अठराशे खर्च येतो, मग तेराशेला कशाला द्यायची?” अठराशेचा आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. का, ते पुढे मांडले आहे.

कशाने भागले

बारा रूम आणि 365 दिवस म्हणजे 4,380 रूम-नाइट विकायला होत्या. पैसे देऊन भरल्या 1,980, म्हणजे 45 टक्के. घरच्या पाहुण्यांना मोफत दिलेल्या 30 रूम-नाइट यात नाहीत. त्यांचा खर्च तुमच्या उचलीत टाकला आहे (काकू, मे महिन्यातल्या लग्नाच्याच त्यातल्या निम्म्याहून जास्त आहेत). रेस्टॉरंट ठेक्याने दिलेले आहे आणि त्याचा मीटरही वेगळा, म्हणून स्वयंपाकघराचा खर्च इथे येत नाही. ठेकेदाराकडून आपण घेतो तो फक्त पाहुण्यांचा नाश्ता.

खर्चाच्या सगळ्या रकमा जीएसटी धरून आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या रूमवर 12 ऐवजी 5 टक्के कर लागतो, पण इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. पाहुण्याला रूम स्वस्त पडते. आपण लाँड्री, एसीचे कंत्राट, ऑनलाइन कमिशन यांवर भरलेला कर मात्र आता आपल्याच खिशातून जातो. वर्षाच्या पहिल्या भागात क्रेडिट घेतले होते, तरी इथे पूर्ण वर्ष नव्या नियमानेच धरले आहे. पुढचे भाव त्याच नियमात ठरवायचे आहेत.

स्थिर खर्च : रूम भरो न भरो

| बाब | वर्षाची रक्कम (रु.) |
|---|---|
| कायम कर्मचारी: मॅनेजर, रिसेप्शनचे दोघे, हाउसकीपिंगच्या दोघी, वॉचमन (दिवाळी बोनससह) | 11,75,000 |
| विजेचा स्थिर भाग | 1,28,400 |
| रंगकाम, दुरुस्ती | 1,80,000 |
| एसी, जनरेटर, पेस्ट कंट्रोलची वार्षिक कंत्राटे | 84,000 |
| हिशेब, ऑडिट, कर सल्ला | 60,000 |
| मालमत्ता कर, विमा, परवाने, पाणीपट्टी | 1,24,000 |
| इंटरनेट, टीव्ही, फोन, बुकिंगचे सॉफ्टवेअर | 71,000 |
| कर्जावरचे व्याज | 2,88,000 |
| घसारा | 3,64,600 |
| एकूण | 24,75,000 |

24,75,000 ÷ 1,980 = 1,250 रुपये.

रंगकामाचा आकडा बघून दचकू नका. खाऱ्या वाऱ्याने ग्रिल, एसीचे बाहेरचे युनिट आणि पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यानंतर हात मागतातच. हा खर्च पाहुण्यांमुळे होत नाही. तो समुद्रामुळे होतो.

वीज कशी फोडली

वीज धड स्थिर नाही आणि धड बदलतीही नाही. बिलावर ‘स्थिर आकार’ म्हणून जी ओळ असते तेवढाच स्थिर भाग धरला तर फसगत होते. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, रिसेप्शनचा पंखा, फ्रिज, कॅमेरे हे पाहुणा नसतानाही चालू असतात आणि त्यांचे युनिट ‘वीज आकारा’त जातात.

म्हणून सगळ्यात जास्त भरलेला आणि सगळ्यात रिकामा महिना समोरासमोर ठेवला. मेमध्ये 310 रूम-नाइट आणि बिल 78,900. जुलैत 45 रूम-नाइट आणि बिल 20,600. रूम-नाइटचा फरक 265, पैशाचा 58,300, म्हणजे एका रूम-नाइटला 220 रुपये. जुलैच्या बिलातून 45 गुणिले 220 वजा केले की 10,700 उरतात. हा महिन्याचा स्थिर भाग.

ही रीत सोपी आहे, पण मे हा एसी अखंड चालणारा महिना. डिसेंबरचे बिल त्याच चाळणीतून काढले तर (69,500 − 10,700) ÷ 300 = 196 येतात. म्हणून वर्षाची बारा बिले मिळून 5,44,200 घेतली, त्यातून स्थिर 1,28,400 वजा केले आणि उरलेले 4,15,800 सगळ्या रूम-नाइटवर वाटले. सरासरी 210 रुपये आली. पुढे हाच आकडा वापरला आहे. उन्हाळ्यात तो थोडा कमी पडेल आणि थंडीत थोडा जास्त होईल.

बदलता खर्च : रूम भरली तरच

| बाब | एका रूम-नाइटला (रु.) | वर्षाची रक्कम (रु.) |
|---|---|---|
| वीज | 210 | 4,15,800 |
| नाश्ता (सरासरी 2.2 माणसे, ताटाला 75) | 165 | 3,26,700 |
| लाँड्री | 65 | 1,28,700 |
| साबण, शाम्पू, पाण्याच्या बाटल्या, चहाचे साहित्य | 55 | 1,08,900 |
| रोजंदारीवरची मदत | 40 | 79,200 |
| चादरी-टॉवेलची झीज | 30 | 59,400 |
| टँकर आणि जनरेटरचे डिझेल | 25 | 49,500 |
| सफाईचे साहित्य | 20 | 39,600 |
| एकूण | 610 | 12,07,800 |

रोजंदारीच्या ओळीकडे जरा नीट बघा. सहा रूमपर्यंत आपल्या दोघी पुरतात. सातवी भरली की 450 रुपये रोजाने एक बाई बोलवावी लागते, आणि ती सात रूमनाही 450 घेते, बारांनाही 450. वर्षात अशी 176 दिवस बोलावली. सरासरी 40 रुपये येते, पण प्रत्यक्षात हा खर्च पायरीने चढतो. सातव्या रूमवर सगळा बोजा, आठवीपासून काही नाही. ग्रुपचा हिशेब करताना म्हणूनच ही ओळ बाजूला काढली आहे.

कमिशन यात का नाही

ऑनलाइन बुकिंग कंपनीचे कमिशन रूमच्या संख्येवर चालत नाही, भाड्यावर चालते आणि त्यांच्यामार्फत आलेल्या रूमलाच लागते. ते सगळ्या रूमवर पसरले तर थेट फोन करून येणारे आपले जुने गिऱ्हाईक विनाकारण महाग दिसते.

कमिशन 18 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून भाड्याचे 21.24 टक्के. गेल्या वर्षी ऑनलाइनचे सरासरी भाडे 2,500 होते, म्हणजे रूम-नाइटला 531 रुपये गेले. त्यातले 81 रुपये निव्वळ कमिशनवरचा कर, जो पूर्वी क्रेडिटमध्ये परत मिळत असे. अशा 792 रूम-नाइटवर एकूण 4,20,552 रुपये कमिशन गेले. कंपनी कापून घेते तो टीडीएस आणि टीसीएस खर्चात धरलेला नाही. तो आपल्या करात वळता होतो.

| | थेट (रु.) | ऑनलाइन (रु.) |
|---|---|---|
| बदलता खर्च | 610 | 610 |
| कमिशन | – | 531 |
| स्थिर खर्चाचा वाटा | 1,250 | 1,250 |
| एकूण | 1,860 | 2,391 |

दोन्ही मिळून सरासरी 2,072 रुपये. अण्णांचा अठराशे हा थेट बुकिंगचा आकडा.

1,250 हा आकडा कुठे वापरू नये

स्थिर खर्च महिन्याला 2,06,250 रुपये आहे आणि तो बारा महिने तेवढाच राहतो. मेच्या 310 रूम-नाइटवर वाटला की 665 पडतात, जुलैच्या 45 वर वाटला की 4,583. एकूण खर्च मेमध्ये 1,275 आणि जुलैत 5,193. हा आकडा धरून भाव लावायचा म्हटला तर मे महिन्यात, गिऱ्हाईक रांगेत उभे असताना, आपण रूम स्वस्त करू. जुलैत, किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, दर्या खवळलेला, तेव्हा पाच हजार मागत बसू.

म्हणून वर्षाचे दर ठरवताना आणि कर्ज घेताना 1,860 बघायचे. एखादी रिकामी रूम आज रात्री कितीला द्यायची हे ठरवताना 610 बघायचे. त्यावर जे मिळेल ते त्या दोन लाखांच्या भरपाईला लागते. रूम रिकामी राहिली तर काहीच लागत नाही.

शिक्षकांचा ग्रुप

दहा रूम, दोन रात्री, रूममागे तीन माणसे, थेट बुकिंग. 20 गुणिले 1,300 म्हणजे 26,000 येतील. बदलता खर्च रोजंदारी वगळून 570 प्रमाणे 11,400. तिसऱ्या माणसाचा नाश्ता रूममागे 60 जादा, म्हणजे 1,200. बाई दोन दिवस, 900. एकूण 13,500. हाती उरतात 12,500. दोन रूम आपल्याकडे तरीही मोकळ्या राहतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाला नाही म्हणावे लागणार नाही. माझे मत: द्या. एकच अट घाला, अर्धे पैसे आगाऊ. पावसात रस्त्याचा भरवसा नसतो.

जुलै बंद ठेवला तर

गेल्या जुलैत भाडे सरासरी 1,600 होते आणि बुकिंग सगळे थेट. 45 रूम-नाइटवर प्रत्येकी 990 उरले, म्हणजे 44,550. बंद ठेवले तर हे जातात. वाचणार काय? विजेच्या स्थिर भागातले तीनेक हजार, आणि रिसेप्शनचा एक व हाउसकीपिंगची एक यांना बिनपगारी रजा दिली तर 28,500. मिळून 31,500. म्हणजे चालू ठेवण्यात 13,050 रुपयांचा फायदा, तोही ग्रुप न धरता. शिवाय बिनपगारी गेलेली मुलगी ऑगस्टमध्ये परत येईल याची खात्री मला वाटत नाही. गणपतीला माणूस शोधत फिरण्यापेक्षा पगार स्वस्त पडतो.

दरांबद्दल

जुलै-ऑगस्टला थेट बुकिंग 1,100 च्या खाली देऊ नये. ऑनलाइनवर तोच परिणाम साधायला 1,400 लावावे लागतील, कमिशन जाऊन 1,103 हातात येतात. मेमधले शुक्रवार-शनिवार आणि 24 ते 31 डिसेंबर या दिवशी ऑनलाइनवरच्या रूम बंद कराव्यात. त्या दिवशी फोनवरच सगळ्या रूम जातात, मग रूममागे 531 रुपये कशाला द्यायचे?

ना नफा ना तोटा ही पातळी सध्याच्या मिश्रणात 1,559 रूम-नाइटवर आहे, म्हणजे साधारण 36 टक्के भरणा. गेल्या वर्षी आपण तिच्या 421 रूम-नाइट पुढे होतो. थेट बुकिंगचे सरासरी भाडे 2,350 धरून वर्षाचा नफा 6,68,448 येतो, व्याज आणि घसारा जाऊन.

ग्रुपला या शनिवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. मॅनेजरला पंपासाठी वेगळा सबमीटर बसवायला सांगितले आहे. म्हणजे पुढच्या वेळी विजेचा स्थिर भाग अंदाजाने काढावा लागणार नाही.