चार बिटांच्या मेमरी शब्दासाठी हॅमिंग कोड : एनकोडर आणि सिंड्रोम डिकोडर

या प्रयोगात 6116 या स्टॅटिक रॅममध्ये चार बिटांचा शब्द साठवायचा आहे आणि वाचताना त्यातला कोणताही एक बिट उलटला असला, तरी मूळ शब्दच बाहेर यावा अशी जोडणी करायची आहे. साधा पॅरिटी बिट चूक झाल्याचे सांगतो, पण कुठे झाली हे सांगू शकत नाही. बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग यांना हीच उणीव खटकत होती, कारण चूक सापडताच रिले-संगणक त्यांचे काम तिथेच सोडून देत असे. त्यावरचा त्यांचा उपाय १९५० साली प्रसिद्ध झाला.

चुकीची जागा ओळखायला किती तपासणी बिट लागतात, हे मोजणीवरूनच कळते. चार माहिती बिट आणि तीन तपासणी बिट मिळून सात जागा होतात. त्यांपैकी एखादी चुकली किंवा कोणतीच चुकली नाही, अशा एकूण आठ शक्यता आहेत आणि तीन बिटांत नेमक्या आठच संख्या मावतात. जागांना १ ते ७ क्रमांक देऊन १, २ आणि ४ या जागी तपासणी बिट ठेवले, की प्रत्येक तपासणी बिट ज्या जागांच्या द्विमान क्रमांकात त्याचा अंक १ आहे त्या सर्व जागांवर लक्ष ठेवतो. साऱ्या रचनेचे मर्म या क्रमांकनात आहे. ते एकदा पटले, की पुढची समीकरणे पाठ करावी लागत नाहीत.

```
C1 = D3 ^ D5 ^ D7
C2 = D3 ^ D6 ^ D7
C4 = D5 ^ D6 ^ D7
```

`D6 ^ D7` हे C2 आणि C4 या दोन्हींत येत असल्याने ते एकदाच काढावे, म्हणजे एनकोडर पाच एक्सऑर गेटमध्ये बसतो. 6116 च्या माहितीच्या पिना लिहिण्या-वाचण्यासाठी एकच असतात, त्यामुळे एनकोडर आणि मेमरी यांच्यामध्ये 74LS244 बफर घालून तो वाचनाच्या वेळी बंद ठेवावा. नाहीतर दोघेही एकाच तारेवर भांडतात.

वाचलेल्या सात बिटांवर तीच तपासणी पुन्हा करायची, फक्त या वेळी साठवलेला तपासणी बिटही तीत धरायचा.

```
S1 = C1 ^ D3 ^ D5 ^ D7
S2 = C2 ^ D3 ^ D6 ^ D7
S4 = C4 ^ D5 ^ D6 ^ D7
```

सामायिक गेट धरून यासाठी आठ गेट, म्हणजे दोन 7486, पुरतात. S1, S2, S4 अनुक्रमे 74LS138 च्या A, B, C या पिनांना जोडावेत. S4 S2 S1 या क्रमाने वाचलेली तीन बिटांची संख्या म्हणजे सिंड्रोम. तो शून्य असेल तर Y0 खाली जातो. एरवी चुकलेल्या जागेच्या क्रमांकाचे आउटपुट खाली जाते. Y3, Y5, Y6 आणि Y7 प्रत्येकी 7404 मधील एका इन्व्हर्टरमधून नेऊन दुरुस्तीच्या चार एक्सऑर गेटना द्यावेत, ज्यांच्या दुसऱ्या पिनेवर वाचलेला माहिती बिट असेल. हे इन्व्हर्टर विसरणे ही या प्रयोगातली नेहमीची चूक आहे. माझ्या पहिल्या जोडणीत ते नव्हते, आणि चूक नसतानाही प्रत्येक शब्द पूर्ण उलटा येत होता; संध्याकाळभर मी मेमरीवर संशय घेत बसलो, कारण 138 ची आउटपुट निवड झाल्यावर खाली जातात, वर नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हते.

आता D3, D5, D6, D7 साठी 1, 0, 1, 1 लिहावे. C1 = 0, C2 = 1, C4 = 0 येतो आणि जागा १ पासून ७ पर्यंत `0110011` साठवले जाते. पुरवठा बंद न करता डिकोडरकडे जाणारी सहाव्या जागेची तार मेमरीपासून सोडवून ग्राउंडला लावावी. डिकोडरला `0110001` दिसते, S4 S2 S1 हे 110 म्हणजे सहा येते, Y6 खाली जातो आणि आउटपुटवर पुन्हा 1, 0, 1, 1 दिसतात. मेमरीतलाच बिट उलटला असता, तर या जोडणीने केवळ आउटपुट दुरुस्त झाले असते. पेशीतली चूक घालवायला दुरुस्त शब्द पुन्हा लिहावा लागतो.

सहावीबरोबर तिसरी तारही ग्राउंडला लावून पाहावी. सिंड्रोम पाच येतो, निर्दोष D5 उलटतो आणि बाहेर 0, 1, 0, 1 येते, म्हणजे दोन चुकांच्या तीन होतात. म्हणूनच 6116 चा रिकामा राहिलेला आठवा बिट साऱ्या सात बिटांच्या पॅरिटीसाठी वापरणे मला आवश्यक वाटते: सिंड्रोम शून्य नसूनही एकूण पॅरिटी बरोबर असेल, तर दोन बिट चुकले आहेत असे समजून दुरुस्ती रोखता येते. आणखी एक गोष्ट मात्र या बिटालाही पकडता येत नाही. सर्व बिट 0 किंवा सर्व बिट 1 हे दोन्ही शब्द या कोडमध्ये वैध आहेत, त्यामुळे मेमरी सॉकेटमधून निघालेली असली आणि एलएस गेटच्या मोकळ्या पिना 1 वाचत असल्या, तरी Y0 चूक नसल्याचेच सांगत राहतो. C1 आणि C2 उलटे करून साठवावेत आणि वाचताना परत उलटावेत. मग रिकाम्या सॉकेटवर सिंड्रोम तीन येतो, पॅरिटी बरोबर राहते आणि दुहेरी चुकीचा दिवा लागतो.